बाटली बदलली की मापही बदलतं

विडी घरकुल वस्तीतल्या एक आजी आमच्या औषधाच्या दुकानात आल्या, कडेवर दोन वर्षांची नात, अंग तापलेलं. "दादा, मागच्या बारीला सहा मिली देत हुतो, कालबी तेवढंच दिलं की. ताप हटंना."

पिशवीतून त्यांनी दोन बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. मागच्या महिन्यातलं पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं होतं. ते संपल्यावर घरी आलेल्या या नव्या बाटलीवर मात्र 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असं छापलेलं. रंग तसाच, चव तशीच, औषध दुपटीनं दाट. दुसरी बाटली सर्दीची. बारीक अक्षरांत तिच्यावरही पॅरासिटामॉल होतंच, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम.

"किती मिली देऊ?" हा प्रश्न आम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. नुसत्या मिलीवरून उत्तर देताच येत नाही. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. मुलाचं वय विचारून भागत नाही, कारण एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात तीन-चार किलोंचा फरक सहज असतो.

नातीला वजनकाट्यावर उभं केलं. 11 किलो. म्हणजे एका वेळी 110 ते 165 मिलिग्रॅम. आपण 150 धरू. आजींच्या जुन्या बाटलीत एका मिलीत 24 मिलिग्रॅम होते, म्हणून सहा मिली म्हणजे 144, ते बरोबर होतं. नव्या बाटलीत एका मिलीत 50 मिलिग्रॅम आहेत, तिथं तीनच मिली पुरतात. तान्ह्या बाळांचे थेंब बऱ्याचदा एका मिलीत 100 मिलिग्रॅमचे असतात, त्यातून घेतलं तर दीड मिली. डोस जवळपास तोच, मात्र एकीकडे सहा, एकीकडे तीन, एकीकडे दीड. म्हणून नवी बाटली घरी आली की आधी लेबलावर मिलिग्रॅम किती आणि ते किती मिलीत, हे वाचायचं.

काल आजींनी नव्या बाटलीतून सहा मिली, म्हणजे 300 मिलिग्रॅम दिले. तीन तासांनी सर्दीचं औषध पाच मिली, त्यातून आणखी 125. एकूण 425. नशिबानं हे एकदाच घडलं. दिवसातून चार वेळा घडलं असतं, तर 1700 मिलिग्रॅम, किलोमागे साधारण 155. चोवीस तासांत किलोमागे 60 च्या वर जायचं नसतं, आणि ताप आलेलं, धड न जेवलेलं मूल तर अशा जादा डोसाला जास्त लवकर बळी पडतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो. त्याला निकामी करणारा ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ शरीर स्वतः बनवतं, पण उपाशीपोटी त्याचा साठा आटतो.

सर्दीची बाटली मी बाजूला काढली. ताप, सर्दी, अंगदुखी अशा एकत्र औषधांत पॅरासिटामॉल बहुतेक वेळा असतंच, मेफेनॅमिक ॲसिडबरोबरच्या सिरपमध्येही. दोन बाटल्यांवर हे नाव दिसलं तर एकच द्यायची.

आजी घरात चहाचा चमचा वापरत होत्या. दोन घरांतले चमचे सारखे नसतात, त्यामुळे आम्ही बिनसुईची सिरिंज देतो. बाटलीबरोबरची वाटी चालते, पण ती सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून मोजावी लागते, आणि तीन मिलीची रेघ तिच्यावर बहुतेकदा नसते. थेंबांच्या बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नये. आणि बाटली आधी चांगली हलवायची. बरीचशी सिरपं म्हणजे पाण्यात तरंगलेली पूड असते, ती तळाशी बसते. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पाणचट आणि शेवटचे कडक जातात.

दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाहीत. हे चोवीस तास कुठल्याही क्षणापासून मागं मोजायचे, रात्री बाराला नवा हिशेब सुरू होत नाही. नातीला 150 चे चार डोस म्हणजे 600, किलोमागे साधारण 55. आजींना वाचता येत नव्हतं. मी त्यांना दारामागच्या कॅलेंडरवर दर डोसाला एक रेघ ओढायला सांगितलं, आणि वेळ सुनेनं लिहायची. सून सकाळी देऊन कामाला गेली, आजींनी पुन्हा दिलं, असंही घरोघरी होतं.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर औषधाची वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं. जादा डोस गेला असेल तर पहिल्या दिवशी मूल खेळतंही, फार तर एखादी उलटी. यकृताचं दुखणं नंतर दिसतं. उतारा म्हणून देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगलं काम करतं. त्यामुळे लक्षणांची वाट न बघता लगेच रुग्णालयात जायचं, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या सोबत घ्यायच्या.