पार्श्वभूमी: एकच प्रसंग, दोन प्रकरणं

गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याचा साथीदार वॉटसन यांच्या एखाद्या प्रकरणाचं नाव विसरलं, तरी खूण लक्षात राहते: मिठात पाठवलेले कान, रात्री न भुंकलेला कुत्रा. १८९१ मध्ये लंडनच्या एका मासिकात या कथा सुरू झाल्या, तेव्हा लेखक आर्थर कॉनन डॉयलने क्रमशः कादंबरी जाणूनबुजून टाळली. एखादा अंक हुकला तरी वाचक अडू नये, म्हणून जोडी तीच ठेवली आणि प्रकरण दर वेळी पुरतं संपवलं. म्हणूनच एका खुणेवरून प्रकरण ओळखता येतं.

फसगत होते ती एका प्रसंगापाशी. वॉटसन पेपर बाजूला टाकून विचारात गढलेला असतो. त्याची नजर भिंतीवरच्या जनरल गॉर्डनच्या तसबिरीकडे जाते, मग पुस्तकांवर ठेवलेल्या, चौकट नसलेल्या दुसऱ्या चित्राकडे. तो एक शब्दही बोललेला नसतो, आणि होम्स त्याच्या मनातला विचार बोलून दाखवतो. हा प्रसंग मुळात ‘द कार्डबोर्ड बॉक्स’चा. क्रॉयडनच्या सूझन कुशिंगला टपालाने एक खोका येतो. आत जाड मीठ आणि दोन वेगवेगळ्या माणसांचे कान. डांबर लावलेली दोरी आणि गाठीची पद्धत पाहून होम्सला खलाशाचा संशय येतो. मग त्यातल्या एका कानाची ठेवण सूझनच्या कानासारखीच दिसते, आणि बळी तिच्या जवळच्या नात्यातलीच आहे हे उघड होतं.

ही कथा १८९३ च्या जानेवारी अंकात आली, पण त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ब्रिटिश संग्रहातून लेखकाने ती वगळली. विवाहबाह्य संबंधांचं कथानक नको वाटलं, असं कारण सहसा सांगितलं जातं. त्यावर आजही एकमत नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण मनातलं ओळखण्याचा प्रसंग वाया जाऊ नये म्हणून तो ‘द रेसिडेंट पेशंट’च्या सुरुवातीला जोडला गेला. मूळ कथा १९१७ च्या संग्रहात परत आली, तीही त्याच सुरुवातीसह. त्यामुळे काही आवृत्त्यांत तो दोन्हीकडे सापडतो. माझ्या मते हे कलम चुकलंच. त्या प्रसंगाचा दुसऱ्या कथेतल्या गुन्ह्याशी काही संबंध नाही.

टीव्हीने आणखी एक खूण हलवली. १९८४ पासून चाललेल्या ब्रिटिश मालिकेत ‘द रेसिडेंट पेशंट’ १९८५ मध्ये आली आणि ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ अगदी शेवटी, १९९४ मध्ये. मूळ कथा ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात सुरू होते. पडद्यावर मात्र नाताळ आहे. मालिका पाहिलेला माणूस थंडी सांगतो, पुस्तक वाचलेला उकाडा.

म्हणून तसबिरीचा प्रसंग सांगून कोणी प्रकरण विचारलं, तर पुढे काय सापडलं ते आधी विचारावं. खोका आठवत असेल तर क्रॉयडन. गळफास लागलेला माणूस आणि सिगारची चार थोटकं आठवत असतील, तर ‘द रेसिडेंट पेशंट’.