परदेशी प्रवेशाचं शिफारसपत्र: सरांच्या तुटक मुद्द्यांवरून मसुदा कसा करावा

परदेशात एमएससाठी बहुतेक विद्यापीठं दोन किंवा तीन शिफारसपत्रं मागतात. ज्यांनी शिकवलंय किंवा प्रोजेक्टला मार्गदर्शन केलंय, त्यांच्याकडेच जा. पुण्यात मुलं अजूनही एचओडींच्या केबिनबाहेर उभी राहतात. एचओडींनी एक तासही घेतलेला नसेल, तर त्यांच्याकडे लिहायला काही नसतं.

पुढची अडचण मोठी आहे. सर चार मुद्दे खरडून देतात आणि म्हणतात, "तूच टाइप करून आण." कृपा करून असं करू नका. पत्र विद्यार्थ्यानेच लिहिल्याचं उघड झालं, तर अर्ज बाद होऊ शकतो. अमेरिकी अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याचीही टिक असते. ती करून मसुदा हाताळणं म्हणजे सरळ खोटेपणा. तुम्ही गुणपत्रिका, सीव्ही, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि विद्यापीठांची यादी द्या. मसुदा सरांनी किंवा विभागातल्या सहकाऱ्याने करावा. आमच्याकडे ते काम माझ्याकडे येतं.

परवाची चिठ्ठी अशी होती: "बीई प्रोजेक्ट, पाण्याचे मीटर. डेटा खराब, तिनेच शोधलं. व्हायव्हात अडली. हुशार, कष्टाळू. टॉप 5?"

"हुशार, कष्टाळू" मी लगेच खोडलं, कारण ते प्रत्येकीबद्दल लिहिता येतं. मग सरांना विचारलं, डेटा खराब म्हणजे काय? रात्री मीटर शून्य दाखवायचे. बाकीचे ते आकडे काढून टाकायला निघाले होते. तिने मात्र दोन रात्री मीटरजवळ बसून पाहिलं, तेव्हा बॅटरी वाचवायला सेन्सरच झोपतो हे कळलं. व्हायव्हात ती "माहीत नाही" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन केबिनमध्ये आली. पत्राचे दोन परिच्छेद इथेच मिळाले. अडल्याचा मुद्दा लपवला असता, तर दुसरा मिळालाच नसता.

"टॉप 5?" हा सर्वांत नाजूक भाग. पाच जणांत की पाच टक्क्यांत, कोणत्या वर्षाच्या वर्गात? हे फक्त सरच सांगू शकतात. पोर्टलवरही वेगळी श्रेणी विचारतात आणि ती पत्राशी जुळली नाही तर खटकतं. तुलना आपल्या मनाने भरू नका. सर सांगत नसतील तर सोडून द्या.

शेवटी सर वाचतात, बदलतात, लेटरहेडवर सही करतात आणि पोर्टलवरून आलेल्या लिंकवर स्वतः अपलोड करतात. अर्जात सरांचा कॉलेजचाच ईमेल द्या. जीमेल दिला की काही विद्यापीठं पडताळणी मागतात आणि पत्र अडकतं. लिंक स्पॅममध्येही जाते, म्हणून सरांना तिथे बघायला सांगा.

मुदतीची वेळ बहुतेकदा विद्यापीठाच्या गावची असते. न्यूयॉर्कची 15 डिसेंबरची रात्री 11.59 म्हणजे पुण्यात 16 तारखेची सकाळी 10.29, सिंगापूरची रात्री 11.59 मात्र इथे त्याच रात्री 9.29 लाच संपते. सरांना यादी देताना प्रत्येक विद्यापीठापुढे पुण्याची वेळच लिहा.