नारळपाणी आणि घामावाटे गेलेले क्षार

भरपूर घाम गेल्यावर क्षार भरून काढायला नारळपाणी स्पोर्ट्स ड्रिंकइतके उपयोगी पडते का, याचे उत्तर सोडियमवर ठरते. घामातून मुख्यतः सोडियम जाते, तर नारळपाण्यात मुबलक असते ते पोटॅशियम.

मे महिन्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तेंदूपत्त्याची तोड चालते. पहाटे जंगलात शिरलेला मजूर दुपारपर्यंत पुडके बांधून फडावर येतो. तोवर पारा 43-45 अंशांकडे सरकलेला असतो आणि शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात. त्या रेषा म्हणजे वाळलेले मीठ. ज्याच्या अंगावर त्या ठळक दिसतात, त्याचा घाम अधिक खारट.

समजा, त्याचा 3 लिटर घाम गेला. लिटरमागे सरासरी 1 ग्रॅम धरले, तर सुमारे 3 ग्रॅम सोडियम गेले, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम मीठ. (माणसागणिक हा आकडा बराच बदलतो.) पोटॅशियम मात्र जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅमच जाते. आता त्याने एक शहाळे प्यायले, पाणी सुमारे 300 मिली. सकाळभर गेलेले बहुतेक पोटॅशियम त्यातूनच मिळते. सोडियम मात्र साधारणपणे 100 मिलिग्रॅमच्या आतच. तेवढ्याच स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये ते 130-140 मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सोडियममध्ये स्पोर्ट्स ड्रिंक सरस आहे, पण तीन ग्रॅमची तूट त्यानेही भरत नाही. बाटलीवरची जाहिरात काहीही म्हणो.

सोडियम पाणी शरीरात धरून ठेवते. ते कमी पडले, तर प्यायलेले पाणी लघवीवाटे लवकर निघून जाते. उलट नुसते पाणी किंवा नारळपाणी लागोपाठ भरपूर प्यायल्यास रक्तातले सोडियम पातळ होते. मग डोके दुखते, मळमळते आणि पुढे माणूस बरळू लागतो. अशा वेळी आणखी पाणी पाजत बसू नये. गाडी करून दवाखाना गाठावा.

तासाभराच्या हलक्या कामाला हा हिशेब लागत नाही. तिथे साधे पाणीही पुरते. दिवसभराच्या कामात एक लिटर नारळपाण्यात पाव चहाचा चमचा मीठ घातले, की सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम वाढते आणि ते स्पोर्ट्स ड्रिंकच्या पुढे जाते. मलेशियात निरोगी पुरुषांवर झालेल्या एका छोट्या चाचणीतही सोडियम मिसळलेले नारळपाणी स्पोर्ट्स ड्रिंकच्या बरोबरीचे ठरले होते.

विदर्भात शहाळी बहुधा बाहेरून येतात आणि मजुराच्या खिशाला महागच पडतात. मीठ घातलेला मठ्ठा आणि भाकरीबरोबरचे लोणचे यांतून सोडियम स्वस्तात मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नारळपाणी जास्त पिऊ नये. जास्तीचे पोटॅशियम त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकते.