पेरणीपासून कितवा दिवस?

मे संपत आला की गावोगाव पीक नियोजनाचे तक्ते फिरू लागतात. पेरणी अमुक तारखेला, कोळपणी तमुक तारखेला, पहिली फवारणी, दुसरी फवारणी, काढणी. तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यंदाचा पाऊस त्याला दिसलेला नसतो. मग पेरणी वीस दिवस लांबते आणि पुढच्या सगळ्या तारखा हवेत लटकतात.

वापरता येईल असं वेळापत्रक करायचं तर त्यात तारखा फार थोड्या असाव्यात. बाकीच्या नोंदी ‘पेरणीपासून कितवा दिवस’ अशा लिहाव्यात आणि काही ठिकाणी तर दिवसही न लिहिता फक्त अट लिहावी. एक उदाहरण घेऊन हे करून बघू. समजा लातूर जिल्ह्यात दोन एकरांचं काळं रान आहे, एक विहीर आहे, खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात रब्बीला हरभरा घ्यायचा आहे.

सोयाबीनचा शून्यावा दिवस, म्हणजे पेरणी, पाऊस ठरवतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नये, ही शिफारस सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते. तिच्यामागचं कारण काळ्या मातीत आहे. २५–३० मिलिमीटरच्या सरीने वरचा थर भिजतो, रान काळंभोर दिसतं, पण खाली माती कोरडीच असते. बी पाणी पिऊन फुगतं, मोड येतो आणि चार दिवस उघडीप पडली की वरची ओल उडून मोड जागीच करपतो. दुबार पेरणीचं बी पुन्हा विकत घ्यावं लागतं ते यामुळे. पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा उघड्या रानात ठेवला आणि साचलेलं पाणी पट्टीने मोजलं तरी भागतं. आणखी खात्री हवी असेल तर खुरप्याने वीतभर उकरून बघावं. तळची माती मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर पेरायला हरकत नाही. बी मात्र तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. सोयाबीनचं रोप आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन माती फोडत वर येतं, खोल पडलं की त्याचा जोर संपतो. हरभऱ्याच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात, म्हणून तो याहून खोल पेरलेला चालतो.

जुन्या पद्धतीत हेच काम नक्षत्रांवर चालायचं आणि ती पद्धत वाटते तितकी अडाणी नव्हती. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, त्यामुळे मृग दरवर्षी ७–८ जूनला आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपासच लागतो. तिथी मात्र चंद्राच्या असल्याने वर्षाला अकरा दिवसांनी सरकतात आणि अधिक महिन्याने पुन्हा मागे येतात. पेरणी तिथीवर बांधली असती तर ऋतूशी तिचा मेळ बसलाच नसता. नक्षत्राने पावसाचा अंदाज बांधता येतो, एवढंच. यंदा रानात किती ओल आहे ते नक्षत्र सांगू शकत नाही.

आता मोजणी सुरू करू. समजा २२ जूनला पेरणी झाली आणि वाण जेएस-३३५ आहे, जो ९५ ते १०० दिवसांत येतो. १५ ते २० दिवसांची पहिली कोळपणी ७ ते १२ जुलैला येते, दुसरी ३०–३५ दिवसांची जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर फूल दिसू लागतं आणि कोळपं बंद करायचं, कारण तोवर मुळं ओळींच्या मधल्या जागेत पसरलेली असतात आणि पास फिरली की मुळं नि त्यांवरच्या नत्राच्या गाठी तुटतात. शेंगांत दाणे भरण्याचा काळ ६० ते ७५ दिवसांचा, म्हणजे २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर. काढणी २५ ते ३० सप्टेंबरला.

पाऊस लांबला आणि पेरणी १२ जुलैला झाली, तर काढणी सरळ वीस दिवस पुढे जाईल असं वाटतं. तसं होत नाही. सोयाबीन रात्रीची लांबी ओळखणारं झाड आहे. रात्र पुरेशी लांब होताच ते फुलोऱ्याकडे वळतं, मग अंगाने वाढलेलं असो वा नसो. उशिरा पेरलेल्या झाडाला फांद्या फुटायला कमी दिवस मिळतात. झाड बुटकं राहतं, शेंगा कमी लागतात आणि काढणीचा उशीर वीस दिवसांपेक्षा थोडा कमी भरतो. म्हणून वेळापत्रकात एक पक्की तारीख अशी लिहून ठेवावी, की १५ जुलैपर्यंत पेरणी झाली नाही तर सोयाबीनचा नाद सोडून दुसऱ्या पिकाचा विचार करायचा.

पाण्याच्या नोंदीत घोळ होतो तो हिशोब न केल्यामुळे. दाणे भरताना पंधरा दिवस पाऊस नसेल तर सोयाबीनला एक पाणी द्यावं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. पंप सेकंदाला पाच लिटर फेकत असेल तर तासाला अठरा हजार होतात, म्हणजे एकराला अकरा तास आणि दोन एकरांना बावीस. दिवसाला आठ तास वीज धरली तर तीन दिवस गेले, तेही विहिरीने साथ दिली तर. तेव्हा वेळापत्रकात ‘पंधराव्या दिवशी पाणी’ लिहिलं असेल, तर पंप बाराव्या दिवशी सुरू व्हायला हवा. भारी जमिनीत याला आणखी एक कारण आहे. भेगा पडल्यावर सोडलेलं पाणी भेगांतून खाली पळतं आणि तेवढीच जागा भिजवायला जास्त पाणी लागतं. भेगा पडायच्या आधी दिलेलं पाणी पुरवठ्याला येतं.

काढणीची वेळ तारखेने न ठरवता शेंगेने ठरवावी. पानं गळून गेली, दहापैकी नऊ शेंगा तपकिरी झाल्या की दाण्यात १५ ते १७ टक्के ओलावा असतो आणि कापणी करता येते. त्यापुढे आठ दिवस थांबलं तर दुपारच्या उन्हात शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. कापणी सकाळी करावी, तेव्हा शेंगा किंचित नरम असतात. नेमका याच सुमाराला हस्त लागतो. ज्वारी पेरणारी पिढी या पावसाची वाट बघायची, आज तोच पाऊस कापून टाकलेल्या सोयाबीनच्या सुड्यांवर पडतो. ताडपत्री काढणीच्या आदल्या आठवड्यात घरी असली पाहिजे, ही नोंदही वेळापत्रकातच हवी. मळणीनंतर माल बारा टक्क्यांच्या खाली वाळवायचा. दाताखाली दाणा चेपला तर अजून ऊन लागणार आहे, कट्कन फुटला तर बरा वाळला आहे.

यानंतर दुसरा शून्यावा दिवस येतो, हरभऱ्याचा. हा पाऊस ठरवत नाही, थंडी आणि ऊन ठरवतात. बागायती हरभऱ्याची पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात उरकावी असं सांगतात. २२ ऑक्टोबरला ‘विजय’ पेरला तर १०५ ते ११० दिवसांनी, ४ ते ९ फेब्रुवारीला, तो काढणीला येतो आणि घाटे भरण्याचा काळ थंडीतच निघून जातो. २५ नोव्हेंबरला पेरला तर काढणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाते आणि घाटे भरताना पारा पस्तिशीकडे सरकू लागतो. उन्हाने झाड लवकर पिकतं, दाणे बारीक राहतात. म्हणून दुसरी पक्की तारीख १० नोव्हेंबर. ती लिहिली की जूनमध्ये कोणता सोयाबीन वाण निवडायचा तेही उलटं मोजून ठरवता येतं. पेरणी जुलैत गेली असेल, तर जास्त दिवसांचा वाण हरभऱ्याच्या वाट्याचे दिवस खातो.

हरभऱ्याला भारी जमिनीत दोन पाणी पुरतात, पहिलं ३०–३५ दिवसांनी, दुसरं ६०–६५ दिवसांनी. आपल्या उदाहरणात ते २१ ते २६ नोव्हेंबर आणि २१ ते २६ डिसेंबर असं येतं. विहिरीत एकाच पाण्याची सोय असेल तर फुलं यायला लागताच ते द्यावं. पाणी भरपूर आहे म्हणून तिसरं, चौथं देत राहिलं की पीक माजतं. पाला वाढतो, घाटे कमी लागतात आणि मुळाशी पाणी साचलं तर झाडं उधळायला लागतात.

फवारणीच्या रकान्यात मात्र मी तारीख लिहू देणार नाही. तिथे फवारणीची तारीख न लिहिता पाहणीचा वार लिहावा. आठवड्याचा एक दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी रानात जाऊन मोजायचं. हरभऱ्याची मुख्य शत्रू घाटेअळी. तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे कळ्या दिसण्याआधीच लावायचे. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग येऊ लागले की अंडी पडत आहेत असं समजावं. अंडं तीन-चार दिवसांत उबतं. बाहेर आलेली अळी पहिले काही दिवस कोवळ्या पानांवर नि कळ्यांवर उघड्यावर असते आणि औषधाला तेव्हाच बळी पडते. मोठी झाली की डोकं घाट्यात, अर्धं अंग बाहेर अशी दिसते. तेव्हा फवारा मारून खर्चाच्या मानाने फार काही हाती लागत नाही. म्हणजे फवारणीची योग्य वेळ पतंग वाढल्यानंतरचा आठवडा. तो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येईल की दुसऱ्या, हे ऑक्टोबरात बसून कुणालाच सांगता येत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. रानात पाच ठिकाणी ओळीत मीटरभर अंतर धरून झाडं हलक्या हाताने कापडावर झटकायची आणि अळ्या मोजायच्या. मीटरला सरासरी एक-दोन सापडल्या तर फवारायचं, नाहीतर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं. पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची असावी. पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळायच्या आणि शंभर लिटर पाणी करायचं. दुसरी, अळ्या अजून लहान असतील तर, एचएएनपीव्ही या विषाणूची. ती संध्याकाळीच करावी, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. रासायनिक औषधाची पाळी यानंतर. त्याच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. तो आकडा काढणीच्या तारखेतून वजा करून जी तारीख येते, ती तिसरी पक्की तारीख. १४ दिवसांचं औषध असेल आणि काढणी ४ फेब्रुवारीला धरली असेल, तर २१ जानेवारीनंतर पंपाला हात लावायचा नाही.

चौथी पक्की तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली, आणि तिचा पावसाशी काही संबंध नाही. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट वाळू द्यायचं नाही आणि सात दिवसांनी चांगले मोड आलेले मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो बी पुरतं. साठ निघाले तर तेवढीच रोपं मिळवायला ३५ किलो लागेल. त्याहून कमी निघाले तर ते बी बाजूला ठेवावं, आणि दुसरं शोधायला अजून पाऊण महिना हातात असतो.