पगारपत्रक व बँक फाइल यांचा ताळा

पगारपत्रकातल्या रकान्यांच्या बेरजा आणि बँकेकडे पाठवायच्या फाइलमधली एकूण रक्कम एकमेकींशी पडताळून पाहण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी हिशेबनिसांत याला नुसते 'ताळा पाहणे' म्हणतात. फाउंड्री, साखर कारखाना, पतसंस्था, शाळा अशा सगळ्याच ठिकाणी पगार खात्यावर जमा होऊ लागल्यापासून हे काम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होते.

शब्दाची व्युत्पत्ती. 'ताळा' हा 'टॅली'चा अपभ्रंश असावा, असा समज टॅली ही हिशेबाची संगणकप्रणाली सर्वत्र पसरल्यापासून वाढला आहे. तो टिकत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'ताळा' आहे आणि त्याचा अर्थ गणिताची पडताळणी असाच आहे. इंग्रजी 'टॅली'चे मूळ लॅटिनमधल्या खाचा पाडलेल्या काठीच्या नावात जाते; दोन शब्दांचा ध्वनी जुळतो तो योगायोगाने. जास्त विचार करण्याजोगे नाते कन्नड 'ताळे'शी आहे. कन्नडमध्ये 'ताळे नोडु' म्हणजे जुळते का ते पाहा. शब्द कन्नडमधून मराठीत आला, मराठीतून कन्नडमध्ये गेला, की दोघींनी संस्कृत 'ताल'वरून घेतला, यांपैकी काहीही निश्चित म्हणता येत नाही. दोन्ही भाषांतला नेमका सारखा वापर पाहता पहिला किंवा दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो. एकाच कचेरीत मराठी कारकून 'ताळा' आणि कन्नड कारकून 'ताळे' म्हणतो, तेव्हा दोघांनाही अर्थ सांगावा लागत नाही.

जुन्या शाळेत 'नवाचा ताळा' शिकवत. आकड्यांची बेरीज करत एका अंकावर यायचे, नऊ आले तर टाकायचे आणि गुणाकाराच्या दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. ही रीत दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात आढळते. त्याचा काळ इ. स. ९५० च्या सुमाराचा मानण्याचा प्रघात आहे. काही अभ्यासक तो बराच पुढे आणतात. हा जुना ताळा पगाराच्या कामात कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसतो, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

रीत. पगारपत्रकात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. एकूण कमाई, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, व्यवसाय कर, उचल आणि शेवटी निव्वळ पगार, असे रकाने असतात. आधी प्रत्येक रकान्याची उभी बेरीज घेतात. मग बेरजांच्या त्याच ओळीत आडवी वजाबाकी करतात. एकूण कमाईच्या बेरजेतून सर्व कपातींच्या बेरजा वजा केल्यावर निव्वळ रकान्याची बेरीज आली पाहिजे. ती आली नाही, तर फाइल उघडण्यात अर्थ नाही, कारण चूक पत्रकातच आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ४२ कामगारांच्या एका फाउंड्रीचा हिशेब उदाहरण म्हणून धरू. एकूण कमाई ८,६४,३०० रुपये. कपाती अशा: निधी ७२,४८०, ईएसआय ४,३३८, व्यवसाय कर १,४००, उचल २१,५००, मिळून ९९,७१८. निव्वळ ७,६४,५८२. पत्रक आडवे-उभे जुळते. आता दोघांचे पगार रोखून ठेवले आहेत. एकाचे खाते अजून उघडलेले नाही (१७,२४०), दुसरा काम सोडून गेला असून त्याचा शेवटचा हिशेब व्हायचा आहे (१६,९०५). म्हणजे फाइलमध्ये ४० ओळी आणि ७,३०,४३७ रुपये असायला हवेत. ओळी ४० आहेत, पण रक्कम ७,३०,५०० आहे. फरक ६३.

फरक पाहून ओळी तपासायला बसण्याआधी त्या फरकालाच विचारावे. तो एखाद्याच्या पूर्ण निव्वळ पगाराइतका असेल, तर ती ओळ सुटली आहे, दोनदा आली आहे किंवा तिची रक्कम मजकूर म्हणून साठली आहे. एक्सेलचे SUM अशी रक्कम बेरजेत धरत नाही. पत्रकच जुळत नसेल, तर फरकाची निम्मी रक्कम कपातीत शोधावी. १,५०० ची उचल वजा करण्याऐवजी मिळवली गेली, की फरक ३,००० चा पडतो. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटले आहेत.

६३ म्हणजे नऊ साते. फरक नव्वदाच्या आत आहे, तेव्हा अदलाबदल दशक आणि एककाची, आणि त्या दोन अंकांत सातचे अंतर. चाळीस ओळींत अशा रकमा मोजक्याच निघतात. इथे १८,६२९ च्या जागी १८,६९२ सापडले. त्या कामगाराची हजेरी उशिरा दुरुस्त झाली होती आणि तेवढी एकच ओळ हाताने टाइप केली होती. नवाचा ताळा इथे फसला असता: दोन्ही रकमांच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ताळा ८ च. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही. म्हणून नऊ रकमेला न लावता फरकाला लावायचे.

ताळ्याच्या मर्यादा. कपातच चुकीची असेल, तर ताळा ती दाखवत नाही. सीमाभागात याचे ठळक उदाहरण व्यवसाय कराचे. काही मालकांचे एक युनिट बेळगावात आणि दुसरे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत असते. हा कर कामाच्या जागेप्रमाणे लागतो, घराच्या पत्त्याप्रमाणे नव्हे. १८,००० पगाराच्या पुरुष कामगाराला शिनोळीत महाराष्ट्राच्या दराने महिना २०० रुपये कापतात. कर्नाटकात २०२३ पासून २५,००० च्या खाली हा कर नाही. शिनोळीचा माणूस उद्यमबागेत बदलून आला आणि प्रणालीतले राज्य बदलायचे राहिले, तर त्याचे २०० कापले जातात, निव्वळ पगार तितकाच कमी होतो, फाइलही तितकीच कमी येते आणि सगळे तंतोतंत जुळते. गरिबाचे दोनशे रुपये मात्र गेलेले असतात. यासाठी रकान्याचा वेगळा ताळा घ्यावा लागतो. आपल्या फाउंड्रीत २५,००० किंवा त्याहून जास्त घेणारे सात जण आहेत, म्हणून बेरीज १,४०० च हवी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारीत कपात ३०० ची आहे, त्यामुळे त्या महिन्यात २,१०० हवी.

ईएसआयच्या रकान्याला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावू नये. कामगाराचा ०.७५ टक्के हिस्सा प्रत्येकाचा स्वतंत्र काढून वरच्या पूर्ण रुपयावर नेतात. वरच्या पत्रकात ईएसआयखालच्या ३१ जणांची कमाई ५,७६,३०० आहे. तिचा थेट पाऊण टक्का ४,३२२.२५ येतो, रकान्यात ४,३३८ आहेत. माणशी सरासरी अर्धा रुपया धरला, तर हा पावणेसोळा रुपयांचा फरक रास्त आहे. तो 'दुरुस्त' केला, तर पत्रक बिघडेल.

दुसरी आंधळी जागा खाते क्रमांकाची. एकाच नाव-आडनावाचे दोन पाटील असले आणि त्यांचे खाते क्रमांक आपसात बदलले, तरी एकूण रक्कम तीच राहते. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नाव पाहून नव्हे. त्यामुळे बँकही अडवत नाही. यावर उपाय म्हणजे रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार अंक यांचा ओळीओळीने गुणाकार करून त्याची बेरीज पत्रकातून व फाइलमधून वेगवेगळी काढणे. नुसत्या खाते क्रमांकांची बेरीज इथे पुरत नाही, कारण अदलाबदलीत तीही तशीच राहते. दोन्ही पाटलांचे पगार अगदी सारखे असतील, तर ही गुणाकाराची बेरीजही काही सांगत नाही. तिथे पासबुक समोर ठेवून वाचावे लागते.

फाइल गेल्यानंतर बंद खात्यामुळे परत आलेली रक्कम मूळ बेरजेतून वजा करत नाहीत. ती रोखलेल्या पगारांच्या यादीत, त्या माणसाच्या नावासमोर, परत आल्याच्या तारखेने लिहितात.