अंधारं दालन कितवं? संग्रहालयातल्या थकव्याची आणि उजेडाची पार्श्वभूमी

१९१६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक मंथली’ या मासिकात फोटोंनी भरलेला एक लेख छापून आला. लेखक होते बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन. त्यांनी चांगली नजर असलेल्या एका माणसाला दालनांतल्या वस्तूंबद्दल काही साधे प्रश्न दिले होते. उत्तर शोधताना तो ज्या अवस्थेत दिसला, त्या अवस्थेचे हे फोटो होते. कुठे तो कमरेत वाकला आहे, कुठे जमिनीलगतच्या कप्प्यासाठी उकिडवा बसला आहे, कुठे काचेला कपाळ टेकवून आतली चिठ्ठी वाचतो आहे. याला गिलमन यांनी ‘संग्रहालयाचा थकवा’ असं नाव दिलं आणि त्याचं खापर पेट्यांच्या रचनेवर फोडलं. पेट्या फार खोल होत्या, कप्पे फार खाली होते आणि चिठ्ठी वस्तूपासून दूर होती. असे आठ-दहा प्रश्न सोडवले की माणूस बघणं सोडून देतो आणि फक्त चालत राहतो.

गिलमन यांना उजेडाचाही त्रास जाणवत होता. त्या काळच्या मोठ्या दालनांत उजेड छतातल्या काचांमधून किंवा उंच खिडक्यांतून येई. वस्तूपेक्षा खिडकीच जास्त उजळ असली की डोळा खिडकीशी जुळवून घेतो आणि वस्तू काळवंडते. यावर त्यांनी ‘स्कियास्कोप’ नावाचं हातात धरायचं खोकं सुचवलं. ते डोळ्यांसमोर धरलं की आजूबाजूचा झगझगाट अडतो आणि समोरचं चित्र तेवढं दिसतं. खोकं रूढ झालं नाही. निदान मात्र अचूक होतं. दालनात उजेड पुरेसा असूनही वस्तू दिसत नसेल, तर आधी नजरेच्या टप्प्यात तिच्याहून उजळ काय आहे ते शोधावं.

पुढचा टप्पा मानसशास्त्रज्ञांचा. येल विद्यापीठातले एडवर्ड रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी घड्याळ घेऊन प्रेक्षकांच्या मागे फिरले. कोण कुठे थांबतो, किती सेकंद थांबतो, हे त्यांनी टिपलं. त्यांचा अहवाल १९२८ चा. त्यातला सगळ्यांत उपयोगी भाग प्रयोगशाळेतला आहे. तिथे माणसांना खुर्चीवर बसवून चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या, तरी एकेका चित्राला मिळणारा वेळ हळूहळू घसरत गेला. पाय दुखायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे सारखं सारखं पाहूनही मन थकतं. एका ओळीत चाळीस तलवारी लावल्या, तर बाराव्या तलवारीपासून पुढे बाक ठेवूनही उपयोग नाही.

त्यांच्यातल्याच आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये फिलाडेल्फियातल्या संग्रहालयातली निरीक्षणं मांडली. दालनात शिरल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोक उजवीकडे वळत, आणि वाटेत बाहेर जाणारं दार लागलं की पुष्कळजण तिथूनच निघून जात. पलीकडची भिंत तशीच राही. उघडं दार हे स्वतःच एक प्रदर्शित वस्तू असल्यासारखं लक्ष खेचतं, आणि बहुतेक वेळा जिंकतं.

उजवीकडच्या वळणाला मात्र नियम समजू नये. नंतरच्या अभ्यासकांना ते सगळीकडे सारखं आढळलं नाही. बहुतेकदा माणूस कमीत कमी पावलांची वाट धरतो. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. प्रदक्षिणेची सवय डावीकडून सुरुवात करायला लावते. आणि देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. डावीकडे वळून भिंतीच्या कडेने निघालं, तर भिंतीकडे तोंड केल्यावर आपण उजवीकडे सरकत असतो, म्हणून फलकांचा क्रम आणि पावलं एकाच दिशेने जातात. उजवीकडून निघालं तर पावलं डावीकडे आणि मजकूर उजवीकडे. प्रत्येक लांब फलकापाशी माणूस मागे येतो, मागून येणाऱ्याला धडकतो, आणि तिसऱ्या फलकानंतर वाचणं सोडतो. छोट्या संग्रहालयात, जिथे एकच वाट ठरवता येते, तिथे ती डावीकडून सुरू करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यासाठी पहिली ठळक वस्तू दारातून दिसेल अशी डाव्या भिंतीवर हवी. बाणांची पाटी हे काम करत नाही.

यापेक्षा स्वतंत्रपणे उजेडाचा दुसरा इतिहास चालू होता. १८५७ च्या सुमारास लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने संध्याकाळी गॅसचे दिवे लावून कामगारांसाठी दालनं उघडी ठेवली. उजेड जितका जास्त तितका चांगला, हा तेव्हाचा समज. मग जलरंगातली चित्रं फिकी पडतात का यावर वाद पेटला, आणि १८८८ मध्ये रसेल आणि अ‍ॅबनी यांच्या अहवालाने दाखवून दिलं की प्रकाशाने अनेक रंग खरोखर उडतात. तिथून पुढे प्रवास कमी उजेडाकडे झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतले गॅरी थॉमसन यांच्या कामामुळे उजेड मोजायच्या लक्स या एककातले दोन आकडे जगभर पोहोचले: कापड, कागद, जलरंग यांना ५० लक्स आणि तैलचित्रं, लाकूड यांना सुमारे २०० लक्स. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने यात वेळेचा हिशेब घातला. अतिनाजूक वस्तूला वर्षाला १५,००० लक्स-तास, याहून जास्त नाही.

या आकड्याचा अर्थ गणित केल्यावर कळतो. हळदीने रंगवलेलं एखादं जुनं वस्त्र ५० लक्समध्ये रोज ८ तास ठेवलं, तर दिवसाला ४०० लक्स-तास खर्च होतात. वर्षाची शिदोरी ३७ दिवसांत संपते. म्हणून एक तर वस्त्रं आलटून पालटून लावायची, किंवा माणूस समोर आल्यावरच उजळणारा दिवा लावायचा, किंवा पेटीवर प्रेक्षकाने उचलायचं जाड कापड घालायचं. तिसरा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे आणि वीज गेली तरी चालतो.

आता हे दोन इतिहास एकमेकांना अडतात ती जागा. भर दुपारी अंगणात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. तिथून आलेला माणूस ५० लक्सच्या खोलीत शिरला तर त्याला पहिली काही मिनिटं जवळजवळ काहीच दिसत नाही. दिव्याजवळ भिडून वाचतो, चिडतो, पुढे जातो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, त्यामुळे आजी-आजोबांना तर ती खोली बंदच आहे. अंधारं दालन पहिलं असू शकत नाही. ते शेवटचंही असू नये, कारण १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जॉन फॉक आणि सहकाऱ्यांना आढळलं, की लोक साधारण पहिला अर्धा तास मन लावून पाहतात आणि मग नजर फिरवत चालतात. म्हणजे डोळा सरावल्यानंतर आणि मन थकण्याआधी, सुमारे दहाव्या ते विसाव्या मिनिटाच्या दरम्यान, नाजूक वस्तूंची जागा आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा चौकाभोवती पाच खोल्या असलेला तळमजल्याचा वाडा आहे. संग्रहात वीरगळ आणि मूर्ती, तांब्या-पितळेची भांडी व शस्त्रं, पोथ्या व वस्त्रं, आणि लाकडी अवजारं आहेत. नेहमीची चूक अशी की सगळ्यांत मौल्यवान म्हणून पोथ्या देवडीला लागून मांडतात आणि दगड मागच्या खोलीत ढकलतात.

क्रम उलटा करावा. देवडीत तिकीट आणि पूर्ण वाड्याचा एक साधा नकाशा, उजेड ३०० ते ५०० लक्स. डावीकडची पहिली खोली दगडांची. दगडाला कितीही ऊन चालतं, पण इथे उजेड २०० लक्सच ठेवायचा, कारण ही खोली पुढच्या खोल्यांसाठी डोळा तयार करते. खिडकीला खादीचा दुहेरी पडदा पुरतो. मूर्तींवर दिवा एका बाजूने तिरका टाकावा. समोरून टाकला तर कोरीव काम सपाट दिसतं. दुसरी खोली धातूची, साधारण १०० लक्स. तिसरी पोथ्या आणि वस्त्रांची, ५० लक्स. प्रत्येक खोलीत चार-पाच मिनिटं गेली तरी तिसऱ्या दारापर्यंत दहा मिनिटं होतात आणि ५० लक्स अंधार वाटत नाहीत. तिथे भिंती काळ्या रंगवू नयेत. गडद पण मातकट रंग द्यावा, म्हणजे वस्तू आणि पार्श्वभूमी यांतला फरक डोळ्यांना झेपेल. अक्षरं मात्र इतर खोल्यांपेक्षा मोठी आणि ओळी कमी.

तिसऱ्या खोलीनंतर बसायची जागा. पाठ असलेला, सुमारे ४५ सेंटीमीटर उंचीचा बाक चौकाकडच्या खिडकीत ठेवला की माणसाला आपण वाड्यात कुठे आहोत हे न विचारता कळतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घुमटाखालचं मधलं दालन हेच काम करतं: दालनांतून पुन्हा तिथे आलं की दिशा लागते. वाड्यात ते काम चौक करतो, पण तो दिसला तर. चौथ्या आणि पाचव्या खोलीत अवजारं, उजेड पुन्हा १५० ते २००, वस्तू कमी आणि मोठ्या.

अडचण दारांची. वाड्यात प्रत्येक खोलीचं दार चौकात उघडतं, आणि मेल्टन यांनी पाहिलं तेच इथे घडतं. ५० लक्सच्या खोलीत उन्हाने भरलेलं दार म्हणजे बाहेर या अशी हाक. ही दारं लोटून ठेवावीत, पण त्यांना कडी-कुलूप कधीही लावू नये आणि समोर पेटी ठेवू नये. आग लागली तर वाट तीच आहे. वर छोटी प्रकाशित पाटी असावी आणि दार आतून ढकलताच उघडावं.

दिव्याची जागा मोजून ठरवता येते. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आणि दिवा तीन मीटरवर असेल, तर दिवा भिंतीपासून ८५ ते ९० सेंटीमीटर दूर ठेवावा, म्हणजे किरण उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात. याहून दूर नेला तर प्रेक्षकाची सावली चित्रावर पडते, जवळ आणला तर चौकटीची. काचेच्या पेटीत समोरची खिडकी उमटत असेल तर दिवा वाढवून ती जात नाही. पेटी खिडकीच्या भिंतीशी काटकोनात वळवावी लागते.

मांडणी झाल्यावर कोऱ्या नकाशांचे तीस कागद घ्यावेत आणि तीस प्रेक्षकांची वाट पेन्सिलीने काढावी, थांबले तिथे टिंब, मागे फिरले तिथे फुली. फुल्या एकाच दारापाशी जमल्या तर पुढच्या खोलीत त्या दारातून काहीच दिसत नाही असं समजावं आणि एक उजळ वस्तू त्या रेषेत आणावी. तिसऱ्या खोलीत टिंबं फक्त दाराजवळ असतील तर आधीच्या खोलीतला उजेड अजून जास्त आहे. तो आधी उतरवावा, पोथ्यांवरचा वाढवू नये.