फोर्स मेजर नोटिशीला खरेदीदाराचं उत्तर

पुरवठादार लिहून कळवतो की पूर, संप, सरकारी बंदी असं काहीतरी झाल्यामुळे माल ठरल्या तारखेला देता येणार नाही, आणि करारातल्या फोर्स मेजर कलमाखाली मला सूट आहे. त्यावर खरेदीदार जे लेखी उत्तर देतो त्याबद्दल ही नोंद. हे उत्तर नोटीस मिळाल्याची पोच असतं, नोटीस मान्य केल्याची कबुली नसतं, आणि सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे.

शब्द फ्रेंच आहे. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत तो आला हे नक्की, पण कल्पना कुठली यावर मतं वेगळी आहेत. काही जण थेट रोमन कायद्यातल्या विस मेजरशी नातं लावतात, काहींच्या मते व्यापारी करारांतलं आजचं कलम बरंचसं वेगळं वाढलं. दुसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं, कारण इंग्रजी कायद्यातली जुनी 'देवाची करणी' ही कल्पना फक्त निसर्गापुरती आहे आणि फोर्स मेजरमध्ये संप, युद्ध, सरकारी हुकूमही येतात. आपल्याकडे जुन्या महसुली भाषेत 'आस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द होता, वरून आलेलं संकट आणि राजाकडून आलेलं संकट, तो याला 'नैसर्गिक आपत्ती'पेक्षा जास्त जवळचा आहे. पण बडोद्याच्या कारखान्यांत मराठी, गुजराती सगळेच फोर्स मेजरच म्हणतात, त्यामुळे इथेही तेच वापरलंय.

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये हा शब्द कुठेच नाही. करारात तसं कलम असेल तर ते कायद्याच्या कलम ३२ म्हणजे पुढच्या अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेल्या करारांच्या कलमाखाली वाचायचं, नसेल तर कलम ५६ म्हणजे अशक्यता, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केलं. तिथे इंडोनेशियातला कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना सूट हवी होती, ती मिळाली नाही, माल महाग पडणं म्हणजे फोर्स मेजर नव्हे. करारात कलमच नसलं तर पुरवठादाराची वाट बरीच अरुंद होते. खाली कलम आहे असं धरलंय.

उदाहरण कल्पित आहे, पूर खरा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक लहान ट्रान्सफॉर्मर कारखाना १० टन तांब्याच्या पट्टीची ऑर्डर देतो. पहिला लॉट ४ टन, तारीख १४ ऑगस्ट २०२४, दुसरा ६ टन, तारीख १० सप्टेंबर. ३० टक्के ॲडव्हान्स दिलाय, त्याच्या बदल्यात पुरवठादाराची बँक गॅरंटी आहे, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापायचा, कमाल ५ टक्के. फोर्स मेजर कलम म्हणतं की घटना सुरू झाल्यापासून ७ दिवसांत पुराव्यासह मेलने आणि रजिस्टर पोस्टाने कळवायचं, आणि अडचण ६० दिवस चालली तर खरेदीदार उरलेली ऑर्डर रद्द करू शकतो. २६ ऑगस्टपासून विश्वामित्री नदीला पूर येतो. २ सप्टेंबरला संध्याकाळी पुरवठादाराचा दोन ओळींचा मेल येतो: गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, फोर्स मेजर लागू, पुढची सूचना मिळेपर्यंत सगळ्या डिलिव्हरी बंद. सोबत पुराचे तीन फोटो, रस्त्याचे.

इथे बहुतेक ठिकाणी काय होतं तर परचेसवाला व्हॉट्सॲपवर टाकतो, 'काही वांधा नाही भाई, पाणी उतरलं की पाठवा.' माणूस म्हणून बरोबरच आहे, समोरच्याच्या घरातही पाणी असतं. पण सहा महिन्यांनी हाच मेसेज मुदतवाढीचा पुरावा म्हणून समोर येतो, आणि किती मुदतवाढ तर 'पाणी उतरेपर्यंत', म्हणजे कधीपर्यंत ते कोणालाच सांगता येत नाही. असा वाद जुना आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये अहमदाबादच्या गिरण्यांत संप झाला तेव्हा एका गिरणीने कापड घेणाऱ्याला कळवलं की काम बंद आहे तोवर आणि परिस्थिती पूर्ववत होईपर्यंत डिलिव्हरीची मुदत आपोआप वाढली असं समजा. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९५८ च्या केशवलाल लल्लूभाई पटेल निकालात दोन गोष्टी ठरल्या: करार कायद्याच्या कलम ६३ खालची मुदतवाढ दोघांच्या सहमतीने व्हावी लागते, एकट्याने जाहीर करून नाही, आणि गिरणीच्या पत्रातली अट इतकी मोघम आहे की किती मुदत वाढली ते ठरवताच येत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते, 'तुमची नोटीस खोटी, ऑर्डर रद्द.' गोडाऊन खरंच बुडालेलं निघालं आणि ६० दिवस व्हायचे असले तर करार मोडणारा खरेदीदारच ठरतो, आणि एका बाजूने करार पाळायला नकार दिला तर दुसरीला तो संपवता येतो, या करार कायद्याच्या कलम ३९ चा आधार मग समोरच्याला मिळतो.

म्हणून नीट उत्तर मधून जातं. आपल्या उदाहरणात ते ५ सप्टेंबरला निघतं. पहिलं वाक्य एवढंच: तुमचा २ तारखेचा मेल मिळाला, त्यातला मजकूर किंवा फोर्स मेजरचा दावा आम्ही मान्य केलेला नाही, तपासतो आहोत. इंग्रजीत लिहिताना 'नोटेड' हा शब्द टाळलेला बरा, 'मिळालं' आणि 'मान्य' दोन्ही अर्थ त्यात घुसतात.

मग दोन लॉट वेगळे काढायचे, आणि मेलला खरं उत्तर हेच आहे. पहिल्या लॉटची तारीख १४ ऑगस्ट होती, पूर त्यानंतर १२ दिवसांनी आला, म्हणजे तो उशीर पुरामुळे झालेलाच नाही. कोविडच्या वेळी दिल्ली हायकोर्टाने हॅलिबर्टन विरुद्ध वेदांता प्रकरणात २९ मे २०२० ला हीच रेघ ओढली, आधीपासून थकलेल्या कामाला नंतरच्या संकटाचं पांघरूण घालता येत नाही. तर पत्रात लिहायचं की या ४ टनांवर १५ ऑगस्टपासून कपात चालू आहे आणि चालूच राहील. दुसऱ्या लॉटचं तसं नाही, तिथे दावा खरा असू शकतो, म्हणून तिथे नाकारायचं नाही, माहिती मागायची: पाणी कोणत्या तारखेला शिरलं, आत किती माल होता, विमा सर्व्हेअरचा रिपोर्ट किंवा पंचनामा, तांबं दुसरीकडून घेता येत होतं का, शिल्लक मालातून बाकी गिऱ्हाइकांना किती गेलं, आणि आता कुठली तारीख देता. १२ सप्टेंबरपर्यंत उत्तर द्या. बाकी गिऱ्हाइकांचा प्रश्न सगळ्यात बोचतो, कारण थोडा माल शिल्लक असेल तर तो वाजवी पद्धतीने वाटणं अपेक्षित असतं, जास्त भाव देणाऱ्याला पुढे काढणं नाही.

सात दिवसांच्या मोजणीवर वकील लोक बराच वेळ घालवतात. २६ ऑगस्टपासून मोजताना पहिला दिवस सोडायचा, ही जनरल क्लॉजेस ॲक्टची पद्धत करारांनाही साधारण लावतात, म्हणजे सातवा दिवस २ सप्टेंबर, मेल वेळेत आला. पण रजिस्टर पोस्ट ५ तारखेपर्यंत आलंच नाही आणि पुरावा म्हणून फोटो फक्त रस्त्याचे. त्याने नोटीस आपोआप बाद होते का? कलमात नोटीस ही सवलतीची पूर्वअट म्हणून लिहिली असेल तर होऊ शकते, नुसती कार्यपद्धती म्हणून असेल तर बहुधा नाही. पहिल्या पत्रात यावर निकाल देत बसू नये, 'वेळ आणि पद्धत याबाबतचे हक्क राखून' एवढं पुरे.

पत्राच्या डोक्यावर 'विदाउट प्रेज्युडिस' टाकायची सवय इथे नडते. ते शब्द तडजोडीच्या बोलण्यासाठी आहेत, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २३ खाली असं लेखन कोर्टापुढे आणू नये असा त्याचा रोख. आपल्याला तर हे पत्र उद्या कोर्टात दाखवायचंच आहे. मथळा कोरा ठेवून शेवटी सरळ हक्क राखल्याचं वाक्य लिहिलेलं बरं.

पैशाचा भाग छोटा आहे पण तारखेचा आहे. गॅरंटी ३० सप्टेंबरला संपते आणि ६० दिवस २६ ऑगस्टपासून मोजले तरी २५ ऑक्टोबर येतो, म्हणजे रद्द करायचा हक्क मिळेल तेव्हा ॲडव्हान्सची हमी केव्हाच गेलेली. त्यामुळे याच पत्रात मागायचं की २० सप्टेंबरपर्यंत गॅरंटीची मुदत वाढवून द्या, नाही तर मुदतीतच बँकेकडे मागणी करू. मधल्या काळात बाजारातून तांबं घ्यावं लागलं तर ऑर्डर रद्द न करता घेतोय हेही लिहायचं. पहिल्या लॉटपुरता भावातला फरक मागता येईल, दुसऱ्याचा मात्र नोटीस खरी ठरली तर मिळणार नाही, तो गृहीत धरून हिशोब करू नये.

कारखान्याचं स्वतःचं गिऱ्हाईक असतं, बहुतेक वेळा एखादी वीज कंपनी, तिच्या ऑर्डरमध्येही असंच ७ किंवा १० दिवसांचं कलम असतं. त्यामुळे एकाच दिवशी खाली पुरवठादाराला लिहिलं जातं 'हा फोर्स मेजर नाही' आणि वर गिऱ्हाइकाला लिहिलं जातं 'आमच्याकडे फोर्स मेजर आहे', आणि दोन्ही पत्रं एकाच फायलीत सापडतात. वरच्या पत्रात 'पुरवठादाराने असं कळवलंय, आम्ही तपासतो आहोत, आमच्या करारातल्या मुदतीत तुम्हाला कळवून ठेवतो' असं लिहिलं तर दोन्ही पत्रं एकमेकांना कापत नाहीत.

माल शेवटी येतो तेव्हाची गोष्ट परचेसच्या हातात नसते, स्टोअरच्या हातात असते. करार कायद्याच्या कलम ५५ चा तिसरा परिच्छेद म्हणतो की उशिरा आलेला माल घेतला तर उशिराची भरपाई मागता येत नाही, घेतानाच तसं कळवलं नसेल तर. हे फक्त वेळ महत्त्वाची मानलेल्या करारांना लागतं असं वाचन आहे आणि कायद्याच्या शब्दांवरून ते बरोबर दिसतं, पण आपल्या ऑर्डरमध्ये वेळ तशी होती की नाही हेच भांडणात ठरायचं असतं, म्हणून दर खेपेला कळवणं सुरक्षित. ५ सप्टेंबरचं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते घेण्याच्या वेळचं नाही. पहिल्या लॉटचा टेम्पो २३ सप्टेंबरला गेटवर आला, तर स्टोअरकीपर चलनावर 'माल मिळाला, ओके' लिहून सही करतो, ड्रायव्हर निघून जातो, झालं. त्याच्याकडे एक रबरी शिक्का असावा, 'उशिराने स्वीकारला, भरपाईचा हक्क राखून', तो चलनाच्या दोन्ही प्रतींवर मारायचा, ड्रायव्हरच्या प्रतीवर आधी, आणि टेम्पो गेटबाहेर पडायच्या आत तेच वाक्य चलन नंबर घालून पुरवठादाराला मेल करायचं.